वाढदिवसाच्या जादूगाराने आपले नाव कसे ठरवावे

वाढदिवसाला जादूचे किंवा विदूषकाचे खेळ करणाऱ्या माणसाचे नाव दोन वेगवेगळ्या तोंडी जाते. आधी ते एक आई फोनवर उच्चारते. पाच वर्षांच्या मुलाच्या पार्टीला एका अनोळखी माणसाला घरात घ्यावे की नाही, हे तिला त्या क्षणी ठरवायचे असते. नंतर तेच नाव हॉलमधली वीस-पंचवीस मुले एका सुरात ओरडतात, आणि त्या वेळी त्यांना आता पुढे काय निघणार याचे कुतूहल हवे असते. आईला भरवसा हवा आणि मुलांना नवल हवे, म्हणून नवीन कलाकार या दोहोंच्या मधले काहीतरी शोधू लागतो आणि बहुधा तिथेच चुकतो.

साताऱ्यात चौदा वर्षे हे काम करताना मला एक नियम उपयोगी पडला आहे. नावातले गूढ एखाद्या वस्तूत असावे. माणसात असू नये. पेटीत काय आहे, छत्री उघडली की काय होईल, हे कोडे मुलांना आवडते आणि पालकांनाही त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. हा माणूस नक्की कोण आहे, असे कोडे मात्र कोणत्याही घराला नको असते. हा नियम कसा वापरायचा, हे मी एका तरुणाच्या उदाहरणावरून सांगतो. तो तासगावचा असून दिवसा मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला, तेव्हा ‘मायावी जोकर’ या नावाची पाचशे कार्डे त्याने छापूनही घेतली होती. फोन येत होते, पण नाव ऐकल्यावर ‘कळवतो’ म्हणून ते बंद होत होते.

त्याच्या चुकीचे मूळ मोठ्या रंगमंचाच्या अनुकरणात होते. बंगाली जादूगार प्रतुलचंद्र सरकार यांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलून ‘सोरकार’ असे केले, कारण त्यातून जादूगार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा भास होत असे. तिकीट काढून आलेल्या हजार प्रेक्षकांसमोर हे शोभते, कारण तिथे कलाकार आणि प्रेक्षक यांच्यात मंच असतो. महाराष्ट्रात घराघरांत पोहोचलेले ‘जादूगार रघुवीर’ हे नाव पाहा. धंद्याचा शब्द आणि त्यापुढे साधे, ओळखीचे नाव, इतकीच त्याची बांधणी होती. घरगुती कार्यक्रमासाठी हा दुसरा मार्ग जवळचा आहे, कारण आपला प्रेक्षक सतरंजीवर आपल्या गुडघ्याला टेकून बसलेला असतो.

पहिली पायरी: सामानाची यादी

नावाचा विचार करण्याआधी आपल्या पेटीतले सगळे सामान जमिनीवर मांडावे आणि मुलांच्या नजरेत सर्वांत आधी भरणारी वस्तू कोणती ते पाहावे. त्या तरुणाने मांडलेल्या वस्तूंमध्ये रंगीत रुमाल, फुगे, एक उंच टोपी, कापडी पोतडी, पत्ते, दोरी आणि बॅटरीवर पेटणारा जुन्या धाटणीचा पितळी रंगाचा कंदील होता. त्या कंदिलाची काच कागदाने आतून झाकलेली होती आणि त्यातून रुमालांची माळ बाहेर काढण्याचा खेळ तो उत्तम करत असे. मी त्याला टोपी, पोतडी, रुमाल, कंदील आणि दोरी हे पाच शब्द वहीत लिहायला सांगितले. जे सामान आपण प्रत्येक कार्यक्रमात खरोखर वापरतो, त्याच सामानाचे नाव घ्यावे. नावात मोर असेल आणि खेळात मोराचे पीसही नसेल, तर सहा वर्षांचे मूल तेवढाच प्रश्न शेवटपर्यंत विचारत राहते.

दुसरी पायरी: कोणते शब्द खोडायचे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण चुकीचे नाव का चुकते हे कोणी तोंडावर सांगत नाही. लोक दुसऱ्या कोणाला तरी बोलावतात, एवढेच आपल्या लक्षात येते.

शक्तीचा दावा करणारे शब्द सर्वांत आधी खोडावेत. मायावी, मांत्रिक, चेटकी, सिद्ध, तांत्रिक, बाबा, बुवा, महाराज हे शब्द ऐकताच लोकांच्या मनात खेळ येत नाही. अंगारा आणि गंडादोरा येतो. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे गाव आहे. चमत्कार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गोष्टी हातचलाखीने कशा होतात, याची अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी केलेली प्रात्यक्षिके इथल्या कित्येक पालकांनी शाळेत असताना पाहिलेली आहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्यांसाठी आहे आणि मनोरंजन करणाऱ्याला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, परंतु आपले नाव त्या लोकांच्या रांगेत उभे राहता कामा नये. त्या तरुणाला हे मला समजावून सांगावे लागले नाही. माझ्या आईने त्याचे कार्ड हातात घेऊन मोठ्याने वाचले आणि म्हणाली, “मायावी म्हणजे राक्षस असायचा की रे बाबा, रामायणात. लेकरांच्यात राक्षस कशाला?”

त्यानंतर गुपिताचे शब्द खोडावेत. गुपित, छुपा, लपाछपी, चोरपावले यांसारखे शब्द जादूगाराला सहज सुचतात आणि कानाला गोडही लागतात. परंतु मुलांच्या सुरक्षिततेविषयी आता शाळांमधून शिकवले जाते, त्यातला एक ठळक धडा असा असतो की, कोणी मोठ्या माणसाने ‘हे आईला सांगू नको’ म्हटले, तर ते आईला सांगायचेच. अशा वेळी ‘गुपितकाका’ नावाचा माणूस घरी बोलावणे कोणत्याही जागरूक आईला बरे वाटणार नाही, आणि वाटूही नये. गंमत, नवल, अचंबा या शब्दांत तो धोका नाही, कारण गंमत शेवटी सर्वांसमोर उघड होते.

फसवणुकीचे वाक्प्रचार मात्र यादीत दडून बसतात, कारण ते साध्या वस्तूंच्या नावांत शिरलेले असतात. मराठीत माणसाला फसवायचे असेल तर टोपी घालतात, शेंडी लावतात, चुना लावतात आणि मामा बनवतात. त्या तरुणाला पहिल्यांदा ‘टोपूराव’ हे नाव सुचले आणि मलाही ते मनापासून आवडले होते, कारण ते छोटे होते आणि मुलांना लगेच म्हणता येत होते. मिरजेतल्या एका घरी त्याने हे नाव फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडून आजोबा हसत म्हणाले, “पैसे आधी घेता की टोपी आधी घालता?” चेष्टाच होती ती, पण ज्याच्या धंद्याचा पाया हातचलाखी आहे, त्याला ही चेष्टा परवडत नाही. जत तालुक्यात आणि सीमेलगतच्या गावांत कन्नड बोलणारी घरे आहेत आणि कन्नडमध्येही टोपी घालणे म्हणजे फसवणेच. टोपी यादीतून गेली. याच कारणासाठी खिसा हा शब्दही टाळावा, कारण खिशामागून खिसेकापू येतो.

पोतडी का गेली, हे अधिक गंभीरपणे सांगितले पाहिजे. ‘पोतडीवाला’ हे नाव आपल्याला परीकथेतले वाटते, पण आपल्या घरांत जेवत नसलेल्या मुलाला ‘पोत्यात घालून नेईल’ अशीच भीती दाखवली जाते. ही भीती घरापुरती राहत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा येथे मुले पळवणारे समजून चार साधूंना मारहाण झाली होती. वेषांतर केलेला अनोळखी माणूस, हातात मोठी पिशवी आणि भोवती लहान मुले, हे चित्र गावात किती लवकर उलटू शकते, हे लक्षात घेऊनच आपले नाव आणि आपले गावात येणेजाणे ठरवावे. दोरी हा शब्दही गंड्यादोऱ्याकडे झुकतो म्हणून गेला. उरले रुमाल आणि कंदील.

रुमालात दोष नव्हता, पण नवलही नव्हते. प्रत्येक घरात दहा रुमाल असतात. कंदिलात मात्र आत काय आहे हा प्रश्न आपोआप येतो. तो उजेड देतो, दिवाळीची आठवण करून देतो आणि आजी-आजोबांच्या पिढीला जवळचा वाटतो. फसवणुकीचा एकही वाक्प्रचार त्याला चिकटलेला आम्हाला आढळला नाही.

तिसरी पायरी: नावाला जोडायचा शब्द

नुसती वस्तू म्हणजे नाव नव्हे. त्याला माणसाचे रूप देणारा शब्द जोडावा लागतो. बहुतेक जण इथे नात्याकडे वळतात. ‘काका’ आणि ‘मावशी’ ही नाती चालतात आणि स्त्री कलाकारांसाठी ‘ताई’ हा शब्द उत्तम आहे, पण पहिल्या भेटीतच नाते लावणे काही पालकांना घाईचे वाटते, हे मी अनुभवले आहे. ‘मामा’ कितीही प्रेमळ असला तरी वर सांगितलेल्या कारणाने सोडावा. ‘दादा’ आणि ‘आबा’ हे शब्द सांगलीत राजकारणातल्या मोठ्या माणसांशी इतके जोडलेले आहेत की, ‘वसंतदादा’ आणि ‘आर. आर. आबा’ आठवल्यावाचून ते कानावर पडत नाहीत. ‘डॉक्टर’ किंवा ‘प्रोफेसर’ ही उपाधी आज लावू नये, कारण नसलेली पदवी लावणे हा भरवशाला पहिला तडा असतो.

‘बंड्या’, ‘गंप्या’ अशा ‘या’ने संपणाऱ्या नावांबद्दल वेगळी अडचण आहे. मुलांना ती फार आवडतात, पण चाळीस वर्षांच्या गृहस्थाला फोनवर ‘गंप्या आहेत का?’ असे विचारणे अवघड जाते. तो मग नाव न घेताच बोलतो, आणि घेतलेच न गेलेले नाव पुढच्या घरी पोहोचत नाही. ‘पंत’ मध्ये मान आहे, पण एका ठरावीक समाजाचा ठसाही आहे. ‘राव’ हा शब्द मला आपल्या भागासाठी सर्वांत मोकळा वाटतो. तो मान देतो, आणि आपण एकमेकांशी बोलताना ‘काय राव’ म्हणतोच, त्यामुळे तो जवळचाही आहे. पालक ‘कंदीलराव येणार आहेत’ असे आदराने म्हणू शकतात आणि मुले ‘कंदीलराव आला’ म्हणून ओरडू शकतात. दोघांनाही अवघडल्यासारखे होत नाही.

चौथी पायरी: मुलांच्या तोंडी

तीन-चार वर्षांच्या मुलांना ळ, ण, ष आणि जोडाक्षरे जड जातात, तर प, ब, म, त, द, न, क, ग हे वर्ण लवकर येतात. नाव दोन-तीन ठोक्यांत संपावे. कं-दील-राव हे तीन ठोके आहेत. त्यातला ‘र’ काही मुलांना जमणार नाही, हे आम्हाला माहीत होते, पण एका बालवाडीत बाईंच्या परवानगीने बारा मुलांसमोर नाव एकदाच सांगून खेळ केला, तेव्हा बारांपैकी नऊ जणांनी ते शेवटी बरोबर म्हटले आणि दोघांनी ‘कंदीललाव’ म्हटले. बाराव्या मुलीने तोंडच उघडले नाही, पण जाताना तिने कंदिलाकडे बोट दाखवले. मूल मोडके बोलले तरी नाव ओळखू येत असेल, तर ते नाव पास झाले असे समजावे.

मराठीत आणखी एक परीक्षा आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपली नावे विभक्तीप्रत्यय लागला की बदलतात. ‘नवलघोडा’ हे नाव घेतले, तर बोलताना ते ‘नवलघोड्याला’, ‘नवलघोड्याचा’ असे होते. पत्रिकेवर एक रूप, तोंडी दुसरे आणि शोधताना तिसरे, अशी त्याची वाताहत होते. आपले नाव ला, चा, ने, कडे हे प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून पाहावे. ऊ किंवा ई ने संपणारी बहुतेक नावे तशीच राहतात. ‘राव’ने संपणारे नाव ‘रावांना’, ‘रावांचा’ होते, पण त्याचे मूळ अंग शाबूत राहते.

पाचवी पायरी: फोन आणि पडदा

आपल्या धंद्यात नाव आधी कानावर पडते, म्हणून त्याची परीक्षा गोंगाटात घ्यावी. सातारा एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या पाच ओळखीच्या माणसांना वेगवेगळ्या वेळी फोन करावा, नाव एकदाच सांगावे आणि ते लिहून पाठवायला सांगावे. पाचांपैकी चार जणांनी एकच नाव लिहिले तर पुढे जावे. तिघांनी ‘काय म्हणालात?’ विचारले तर नाव बदलावे. त्या तरुणाच्या पाचही जणांनी नाव ओळखले, पण इंग्रजी अक्षरांत त्याची तीन रूपे आली: `Kandilrao`, `Kandeelrao` आणि `Kandilrav`. ही अडचण प्रत्येक मराठी नावाला येते. यातले सर्वांत छोटे आणि सवयीचे एक रूप ठरवून ते सगळीकडे तसेच ठेवावे, आणि कार्डावर व व्हॉट्सअॅपच्या व्यवसाय खात्यावर नाव देवनागरीतच मोठे लिहावे. आजीला वाचता येईल असे नाव घरात लवकर मान्य होते.

याच वेळी ते नाव दुसऱ्या कलाकाराचे नाही ना, हे पाहावे. इंटरनेटवर आणि आसपासच्या जिल्ह्यांत चौकशी करावी, आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या `Public Search` मध्ये 41 हा वर्ग निवडून शोधावे, कारण मनोरंजनाच्या सेवा त्या वर्गात मोडतात. स्वतःची नोंदणी पहिल्याच वर्षी केली पाहिजे असे नाही.

नावाखालची ओळ साधी ठेवावी. ‘मुलांच्या वाढदिवसासाठी जादूचे खेळ’ इतके पुरेसे आहे. ‘जोकर’ हा शब्द लोकांच्या तोंडी असला, तरी परदेशी भयपटांमुळे काही मुलांना आणि मोठ्यांनाही त्याची धास्ती वाटते. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये मराठी नाटकाचा प्रयोग केला, तेव्हापासून सूत्रधाराबरोबर येणारा ‘विदूषक’ आपल्या ओळखीचा आहे, म्हणून कार्डावर मी तोच शब्द सुचवतो.

सहावी पायरी: खरे नाव शेजारी लिहिणे

नवीन कलाकारांना वाटते की खरे नाव सांगितले की जादू उतरते. घडते ते उलटच, आणि ते पैसे देण्याच्या क्षणी समजते. पालक आगाऊ रक्कम यूपीआयने पाठवतात, तेव्हा पडद्यावर आपले रंगमंचीय नाव दिसत नाही. बँकेतले नाव दिसते. कार्डावर केवळ कंदीलराव असतील आणि पडद्यावर कोणी तिसरेच नाव उमटले, तर आईचे बोट तिथेच थांबते. मला स्वतःला सुरुवातीच्या वर्षी अशी दोन कामे गमवावी लागली, आणि कारण खूप उशिरा समजले. म्हणून कार्डावर ‘कंदीलराव’ मोठ्या अक्षरांत, त्याखाली ‘सादरकर्ते’ म्हणून संपूर्ण नाव आणि गाव, असे लिहावे. पहिल्या संदेशातच ‘पैसे पाठवताना माझे हे खरे नाव दिसेल’ असे कळवावे आणि पावती त्याच नावाने द्यावी. हे सगळे मोठ्यांच्या डोळ्यांसाठी आहे. मुले कार्ड वाचत नाहीत, त्यामुळे त्यांचे नवल जागच्या जागी राहते.

शेवटची पायरी: नाव पहिल्यांदा उच्चारताना

हे सगळे झाल्यावर किमान पाच कार्यक्रम होईपर्यंत कार्डे छापू नयेत. तोवर हाताने लिहिलेली चिठ्ठी किंवा व्हॉट्सअॅपवरचा संदेश पुरतो. पाच कार्यक्रमांनंतर, ज्या घरी खेळ झाला त्याच्या शेजाऱ्यांकडून फोन येतो का आणि तो करणारा माणूस आपले नाव बरोबर घेतो का, हे तपासावे.

कार्यक्रमाला साध्या कपड्यांत जावे, दारात आई-वडिलांना आपले खरे नाव सांगावे आणि रंगीत अंगरखा मुलांच्या देखत चढवावा. आधीच रंगवलेला चेहरा दारातून आत आला, तर तीन वर्षांचे मूल घाबरते आणि त्यापुढे कोणतेही नाव त्याला धीर देऊ शकत नाही.

त्या तरुणाचा नव्या नावाचा पहिला कार्यक्रम साताऱ्यात सदर बझारमधल्या एका घरी झाला. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. त्याने अंगरख्याची शेवटची गुंडी लावली, कंदील सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि नाव सांगितलेच नाही. ‘हे काय आहे?’ एवढेच विचारले. मुले ‘कंदील’ म्हणाली. मग त्याने छातीवर हात ठेवून विचारले, “मग मी कोण?” थोडा वेळ शांतता होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वडिलांकडे वळून पाहिले, वडिलांनी मान हलवली, आणि तो हळूच म्हणाला, “कंदीलराव?” तेव्हा कंदील पेटला.